कोल्ड कॉफीच्या ग्लासात ५६० कॅलरी आल्या कुठून?

नाशिकचा उन्हाळा चढला की कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या कॅफेंमध्ये संध्याकाळी सगळ्यात जास्त काय जात असेल, तर आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी. मेन्यूवर तिची किंमत असते, वर चॉकलेट सिरपच्या रेघा ओढलेला फोटोही असतो. त्या उंच ग्लासात साधारण ५६० कॅलरी असतात, हे मात्र बहुतेक ठिकाणी लिहिलेलं नसतं. (इथे कॅलरी म्हणजे पाकिटावर छापतात ती किलोकॅलरी.) या ५६० मध्ये कॉफीचा स्वतःचा वाटा जेमतेम १० आहे. उरलेल्या ५५० दुधाच्या, आइस्क्रीमच्या आणि साखरेच्या. त्या एकदम आल्या नाहीत. एकेक पदार्थ वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या कारणाने या ग्लासात शिरला.

मूळ धरायचं ते घरचं कोल्ड कॉफीचं रूप. फ्रिज आणि मिक्सर मध्यमवर्गीय घरात आले, तेव्हापासून सुट्टीतली कोल्ड कॉफी म्हणजे ग्लासभर थंड दूध, चमचाभर इन्स्टंट कॉफी, दोन चमचे साखर आणि बर्फ. मिक्सरमधून फिरवली की फेस यायचा, तेवढंच कौतुक. २०० मिली साध्या गाईच्या दुधाच्या १३० ते १४० कॅलरी, साखरेच्या ४०, म्हणजे सगळा ग्लास १८०च्या आसपास. त्यात दूध म्हणून पोटात जाणारं प्रोटीन आणि कॅल्शियमही होतं. तो ग्लास पोह्यांच्या बशीशेजारी नाश्त्याचा भाग म्हणून सहज खपून जात होता.

दूध आणि आइस्क्रीम एकत्र घुसळायची कल्पना अमेरिकेतली. १८८३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या विल्यम हॉर्लिक यांनी माल्ट आणि दुधाच्या भुकटीचं पेटंट घेतलं. ही भुकटी दुधात घालून ‘माल्टेड मिल्क’ प्यायची पद्धत तिथल्या औषधांच्या दुकानांतल्या सोडा काउंटरवर पसरली. १९११ मध्ये हॅमिल्टन बीच कंपनीचं विजेवर चालणारं ड्रिंक मिक्सर आलं. मग १९२२ मध्ये शिकागोत वॉलग्रीन्सच्या काउंटरवर आयव्हर कोल्सन यांनी माल्टेड मिल्कमध्ये व्हॅनिला आइस्क्रीमचे स्कूप घातले. आजच्या थिक शेकचा पाया इथला. आपल्याकडे ही जोडी ओळखीची झाली ती पुण्याच्या मस्तानीमुळे. पण मस्तानी मुद्दाम जाऊन खायची गोष्ट होती, रोज कॉलेज सुटल्यावर हातात घेऊन फिरायची नव्हती.

रोज घ्यायला दूध आणि आइस्क्रीम दोन्ही मुबलक आणि परवडणारं हवं. १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन फ्लड’ने पिशवीतलं दूध शहरोशहरी पोहोचवलं. १९९६ मध्ये अमूलने आइस्क्रीम बाजारात आणलं. त्याच वर्षी बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं आणि २००० मध्ये बरिस्ता आलं. या साखळ्यांनी तरुणांना कॅफेत बसायची सवय लावली आणि कोल्ड कॉफीचा साचा ठरवून दिला. उंच काचेचा ग्लास, आत सिरपच्या रेघा, वर आइस्क्रीम किंवा क्रीम. आज नाशिकमध्ये एखाद्याने स्वतःचं छोटं कॅफे काढलं तरी तो ग्लास याच साच्यातून निघतो.

आइस्क्रीम आणि सिरप केवळ चैन म्हणून आत गेलेले नाहीत, आणि हे समजून घेणं मला महत्त्वाचं वाटतं. नुसतं दूध आणि बर्फ फिरवला तर पेय पातळ होतं, दहा मिनिटांत बर्फ वितळून आणखी पाणचट होतं. आइस्क्रीममधलं फॅट आणि त्यातले घट्टपणा टिकवणारे घटक फेस धरून ठेवतात, त्यामुळे टेबलावर गप्पा मारत अर्धा तास ठेवलेला ग्लासही बरा दिसतो. सिरपचं कारण वेगळं. साखर थंड दुधात नीट विरघळत नाही, तळाशी बसते; पाक लगेच मिसळतो. शिवाय जीभ थंड असली की तिला गोडी कमी लागते. म्हणून आइस्क्रीमच्या मिश्रणात साखर जास्त घालावी लागते आणि तेच आइस्क्रीम वितळलं की अति गोड लागतं. कोल्ड कॉफीत एकीकडे थंडी गोडी दाबते, दुसरीकडे कॉफीचा कडवटपणा ती खातो. मग कॅफेवाला आणखी सिरप घालतो आणि पिणाऱ्याला ते ‘बरोबर’ लागतं.

आता एक ग्लास उकलून बघू. साधारण ३५० मिलीचा, बर्फासकट. त्यात २०० मिली फुल क्रीम दूध. फुल क्रीम म्हणजे नियमाप्रमाणे किमान ६ टक्के फॅट, म्हणजे १२ ग्रॅम फॅट आणि सुमारे १७५ कॅलरी. व्हॅनिला आइस्क्रीमचे दोन स्कूप, प्रत्येकी ६० ग्रॅम धरले तर १२० ग्रॅम. साध्या आइस्क्रीमच्या १०० ग्रॅमला २०० कॅलरी धरायला हरकत नाही, म्हणजे २४०. चॉकलेट सिरप आतून-बाहेरून मिळून ३० मिली. ते जड असतं, वजन ४० ग्रॅमच्या घरात जातं, कॅलरी साधारण १००. दोन छोटे चमचे साखर, ४०. कॉफीच्या १०. बेरीज ५६५. वर क्रीमचा गोळा दिला, अगदी २५ ग्रॅमच, तरी आणखी ७० आणि आकडा ६३०च्या पुढे. घरच्या एका पोळीच्या १२० धरल्या, तर नुसता क्रीमविना ग्लास साडेचार पोळ्यांच्या वर जातो, आणि त्यानंतर घरी जाऊन जेवण व्हायचंच असतं.

साखरेचा हिशेब याहून जास्त बोचतो. आइस्क्रीममधली वरून घातलेली साखर १८ ग्रॅमच्या आसपास, सिरपमधली २०-२५, चमच्याची १०. म्हणजे दुधातली नैसर्गिक साखर सोडूनही ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली हवी. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी ती मर्यादा बरोबर ५० ग्रॅम येते. एका ग्लासात दिवसाचा कोटा संपला. सकाळचा चहा, बिस्किटं, जेवणानंतरचं काही गोड हे सगळं त्याच्या वरचं. घरात मधुमेहाची परंपरा असेल, तर हे माहीत असायलाच हवं.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ‘टोन्ड दुधात करा’ असं सांगून लोक निश्चिंत होतात. ३ टक्के फॅटच्या टोन्ड दुधाच्या २०० मिलीला साधारण १२० कॅलरी, म्हणजे वाचल्या ५५. एक स्कूप कमी केला तर १२० वाचतात, सिरप नको म्हटलं तर १००. फुल क्रीम दुधावर सगळा दोष जातो, पण ग्लासातला मोठा वाटा आइस्क्रीमचा आहे. ते फिरवल्यावर दिसेनासं होतं, म्हणून हिशेबातूनही निसटतं. ग्लासवर तरंगणारा स्कूप डोळ्यांना दिसतो. मिक्सरमध्ये गेलेले दोन स्कूप कोणी मोजत नाही.

हा आकडा ठाम का सांगता येत नाही, तेही आइस्क्रीमवरूनच कळतं. आइस्क्रीम मिलीलीटरमध्ये विकतात आणि त्यात हवा भरलेली असते. नियमाप्रमाणे एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम हवं. म्हणजे हलक्या आइस्क्रीमचा १०० मिलीचा स्कूप जेमतेम ५० ग्रॅमच्या वर भरेल आणि दाट आइस्क्रीमचा तेवढाच स्कूप कितीतरी जड असेल. पाकिटावरच्या कॅलरी १०० ग्रॅमच्या असतात, विक्री मात्र मिलीने. शिवाय कॅफेत स्कूप दाबून भरला की सैल, यावरही १५-२० ग्रॅम इकडेतिकडे होतात. डब्यावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलेलं असेल, तर त्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेलाचं फॅट असतं, पण कॅलरी तेवढ्यानं कमी होत नाहीत. त्यामुळे एकाच कॅफेतले दोन ग्लास ८०-१०० कॅलरींनी वेगळे निघाले तरी त्यात फसवणूक शोधायचं कारण नाही.

पदार्थाच्या कॅलरी मोजायची पद्धतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ विल्बर अ‍ॅटवॉटर, त्यांच्या कामातून एक ग्रॅम कर्बोदकाला ४, प्रोटीनला ४ आणि फॅटला ९ हे आकडे रूढ झाले. वरचा सगळा हिशेब त्यांवरच उभा आहे. भारतात कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत डॉ. वॉलेस आयक्रॉइड यांनी १९३०च्या दशकात भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते काढले. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने ते वाढवले. २०१७ मध्ये त्यांची नवी आवृत्ती आली. पण हे तक्ते मुख्यतः धान्य, भाज्या, फळं, दूध अशा मूळ पदार्थांचे. कॅफेचा ग्लास त्यांत सापडत नाही, तो आपल्यालाच जोडावा लागतो.

कायद्याने अलीकडे थोडं काम केलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलिंग नियमांनी मेन्यूवर कॅलरी लिहिणं बंधनकारक केलं आणि मुदतवाढीनंतर ते १ जुलै २०२२ पासून लागू झालं. पण हे बंधन केंद्रीय परवाना असलेल्यांना किंवा १० किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांना आहे. मोठ्या साखळीच्या मेन्यूवर किंवा ऑर्डरच्या अ‍ॅपवर तो आकडा मिळू शकतो. कॉलेज रोडवरच्या एका गाळ्यात चालणाऱ्या कॅफेला तो लिहावा लागत नाही, आणि नाशिकमधली पुष्कळशी कोल्ड कॉफी अशाच गाळ्यांतून जाते.

तिथे काउंटरवर दोनच गोष्टी विचाराव्यात: मिक्सरमध्ये किती स्कूप जातात, आणि सिरप आत घालता की नुसतं ग्लासला लावता. साधारण उत्तर मिळतंच, कारण बनवणाऱ्याचं माप ठरलेलं असतं. ‘दादा, एकच स्कूप टाका, सिरप नको’ म्हटलं तर दूध फुल क्रीम आणि साखर तेवढीच ठेवूनही ग्लास ३४५च्या आसपास येतो. थोडा पातळ लागेल, बर्फ लवकर वितळेल आणि कॉफीची चव जास्त लागेल.