‘अ‍ॅट पार’ म्हणजे बरोबरी नव्हे

लोकलच्या दारात उभं राहिलं की रुळांकडेला पालकाचे, माठाचे वाफे दिसतात. गाडी सिग्नलला थांबली तर जरा नीट बघा. नाल्याकडच्या टोकाचा पालक गडद, रुंद पानांचा असतो आणि भरावाकडचा फिकट, खुरटा. बी एकच, पेरणारा हात एकच, पाणीही एकच. आता समजा, एखाद्याने नाल्याकडच्या वाफ्यांना गांडूळखत घातलं, भरावाकडच्यांना युरिया घातला आणि गांडूळखत सरस ठरलं असं जाहीर केलं. श्रेय खताला द्यायचं की नाल्याला?

हा प्रश्न मी मुलुंडच्या घरी टेबलावर बसून अनेकदा विचारलाय. मी संख्याशास्त्राचा निवृत्त मास्तर. एम.एस्सी. अ‍ॅग्रीची मुलं प्रबंधाचे आकडे घेऊन माझ्याकडे येतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजाऱ्यांची भाची आली. ती कोकणातल्या एका कृषी महाविद्यालयात शिकते. पालकावर खताचा प्रयोग, पाच प्रक्रिया म्हणजे खत देण्याचे पाच पर्याय, चार गट. निकालाचं प्रकरण लिहून तयार होतं आणि त्यात एक वाक्य वारंवार येत होतं: अमुक प्रक्रिया तमुक प्रक्रियेशी ‘अ‍ॅट पार’ आढळली. म्हणजे दोघांत लक्षणीय फरक दिसला नाही. हा लेख त्या दोन शब्दांबद्दल आहे. खालचे आकडे मात्र तिचे नाहीत. त्याच घडणीचे, पण हिशेबाला सोपे जावेत म्हणून मी रचलेले आहेत.

आधी मांडणी. शेत उताराचं आहे, वरची माती हलकी आणि खालची भारी. म्हणून उताराला आडवे असे चार पट्टे पाडायचे. प्रत्येक पट्टा म्हणजे एक गट. गटात पाच वाफे, प्रत्येकी २ मीटर बाय २ मीटर, आणि पाचही प्रक्रिया एकेकदा. कोणत्या वाफ्यात काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि प्रत्येक गटासाठी चिठ्ठ्या नव्याने टाकायच्या. शेतीची मुलं याला ‘आरबीडी’ म्हणतात. पट्टे उताराच्या दिशेने उभे पाडले तर गटाच्या आतच वरचा-खालचा फरक शिरतो आणि गट पाडण्याचा सगळा खटाटोप वाया जातो. ही चूक पुढे कोणत्याही गणिताने दुरुस्त होत नाही. रोनाल्ड फिशर १९१९ साली इंग्लंडच्या रॉथमस्टेड केंद्रावर रुजू झाले आणि तिथे शेतांचे आकडे चाळता चाळता त्यांनी ही पद्धत घडवली. आपल्याकडे ती रुजवणाऱ्यांत पानसे आणि सुखात्मे ही दोन मराठी नावं अग्रणी. प्रबंधाच्या संदर्भसूचीत ती असतातच, वाचलेली असोत वा नसोत.

दर वाफ्याचा पालक, किलोत:

| प्रक्रिया | गट १ (वर) | गट २ | गट ३ | गट ४ (खाली) | सरासरी |
|---|---|---|---|---|---|
| खत नाही | २.८ | २.६ | ३.२ | ३.४ | ३.० |
| शेणखत | २.८ | ३.६ | ३.६ | ४.४ | ३.६ |
| गांडूळखत | ३.५ | ३.९ | ३.७ | ४.५ | ३.९ |
| युरिया | ३.७ | ३.६ | ४.३ | ४.८ | ४.१ |
| गांडूळखत + अर्धा युरिया | ३.७ | ४.३ | ४.७ | ४.९ | ४.४ |
| गटाची सरासरी | ३.३ | ३.६ | ३.९ | ४.४ | ३.८ |

शेवटची ओळ बघा. वरून खाली उतरताना सरासरी ३.३ वरून ४.४ वर जाते. म्हणजे नुसता उतारच १.१ किलोचा फरक पाडतो, जवळजवळ खताइतकाच.

आता शेणखताचा पहिला वाफा घ्या. शेणखताची सरासरी ३.६, पण हा गट एकूण सरासरीपेक्षा ०.५ ने मागे आहे, म्हणून इथे ३.१ किलो यायला हवे होते. आले २.८. हा ०.३ चा तुटवडा ना खताचा ना उताराचा. किडीने खाल्लं असेल, पाणी कमी गेलं असेल, काटा चुकला असेल. संख्याशास्त्रात याला त्रुटी म्हणतात, पण ही कोणाची चूक नव्हे, शेताचा स्वभाव आहे. वीसही वाफ्यांच्या अशा त्रुटी काढून त्यांचे वर्ग केले की बेरीज ०.७२ येते. तिला १२ या स्वातंत्र्यांशाने भागलं की ०.०६. बारा का? वीस वाफ्यांचे एकोणीस अंश. त्यातले तीन अंश गटांत गेले, चार अंश प्रक्रियांत गेले, उरले बारा. पुढचं सगळं या ०.०६ वर उभं आहे.

गट हिशेबात धरलेच नाहीत तर काय होतं? उताराने पाडलेला फरकही त्रुटीत जाऊन पडतो आणि ०.०६ च्या जागी ०.२६८ येतात, साडेचार पट. मग शेणखत आणि बिनखत यांतला ०.६ किलोचा फरकसुद्धा धुक्यात हरवतो.

संगणकावर हे काम दोन ओळींचं आहे, पण तिथे एक खड्डा आहे. गटांना १, २, ३, ४ असे आकडे दिलेले असतात आणि R या संख्याशास्त्राच्या संगणक-प्रणालीला ती खरीखुरी संख्याच वाटते.

```
d$gat <- factor(d$gat)
summary(aov(utpadan ~ gat + khat, data = d))
```

पहिली ओळ विसरली तर गटांसमोर `Df` या स्वातंत्र्यांशाच्या रकान्यात ३ ऐवजी १ येतो आणि त्रुटीसमोर १२ ऐवजी १४. या उदाहरणात उतार जवळजवळ सरळ रेषेत आहे, त्यामुळे बाकीचे आकडे फारसे हलत नाहीत आणि चूक लक्षातही येत नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, निकाल बघण्याआधी स्वातंत्र्यांश मोजा.

प्रक्रियांमुळे पडलेला फरक त्रुटीच्या किती पट, हे सांगणारा एफ इथे १९.० येतो आणि पाच टक्क्यांच्या पातळीला ३.२६ पुरेसा असतो. याचा अर्थ एवढाच की पाचही सरासऱ्या सारख्या आहेत हे मानणं कठीण आहे. कोण कोणापेक्षा वेगळं, हे एफ सांगत नाही. त्यासाठी जोड्या लावाव्या लागतात.

आपल्याकडची रूढ पद्धत सी.डी.ची, म्हणजे क्रांतिक फरकाची. ०.०६ ची दुप्पट करा, चार गटांनी भागा, वर्गमूळ काढा, बारा अंशांच्या टी-मूल्याने म्हणजे २.१७९ ने गुणा. उत्तर ०.३८ किलो. दोन सरासऱ्यांत याहून जास्त अंतर असेल तर फरक ‘लक्षणीय’, नाहीतर ‘अ‍ॅट पार’. पण पाच प्रक्रियांच्या जोड्या दहा होतात. पाचही खतं खरोखर सारखीच असती आणि एफकडे न बघता आपण दहाही जोड्या तपासल्या असत्या, तर चारातून साधारण एकदा कुठली ना कुठली जोडी खोटीच लक्षणीय ठरली असती. म्हणून आधी एफ, मगच सी.डी., हा दंडक. जॉन टकी यांची कसोटी याहून कडक. ती दहाही जोड्या एकत्र धरून पाच टक्क्यांची हमी देते आणि त्यासाठी ०.५५ किलोचं अंतर मागते.

| प्रक्रिया | सरासरी | सी.डी. | टकी |
|---|---|---|---|
| गांडूळखत + अर्धा युरिया | ४.४ | अ | अ |
| युरिया | ४.१ | अब | अब |
| गांडूळखत | ३.९ | बक | अब |
| शेणखत | ३.६ | क | ब |
| खत नाही | ३.० | ड | क |

एखादं अक्षर समान असेल तर त्या दोघांत फरक सिद्ध झालेला नाही, असं हे वाचायचं. आकडे तेच, पण सी.डी.ने गांडूळखत आणि अर्धा युरिया हे जोडखत नुसत्या गांडूळखताहून सरस ठरतं आणि टकीने ठरत नाही. कोणती कसोटी वापरायची हे पेरणीआधी ठरवून लिहून ठेवावं. दोन्ही चालवून आवडेल ती छापायची, हे मी पाहिलंय आणि त्याला माझ्याकडे क्षमा नाही.

आता ‘अ‍ॅट पार’कडे येऊ. भाचीच्या प्रकरणातल्यासारखी दोन वाक्यं या आकड्यांवरून लिहिली तर अशी होतील. पहिलं: जोडखत युरियाशी अ‍ॅट पार. दुसरं: गांडूळखत युरियाशी अ‍ॅट पार. दोन्ही नियमाला धरून आहेत. वाचणारा मात्र दोन्हींचा अर्थ ‘तितकंच पीक येतं’ असा घेतो.

मी तिला सी.डी. फरकाच्या दोन्ही बाजूंना लावून बघायला सांगितलं. जोडखत आणि युरिया यांत फरक ०.३. त्यातून ०.३८ वजा केले तर उणे ०.०८, मिळवले तर ०.६८. म्हणजे अर्धा युरिया वाचवूनही वाईटात वाईट तोटा वाफ्यामागे ८० ग्रॅमच्या आसपास आणि फायदा पाऊण किलोच्या जवळ जाऊ शकतो. शेतकऱ्याला हे उपयोगाचं आहे.

दुसऱ्या जोडीत युरिया गांडूळखताच्या ०.२ ने पुढे. तोच हिशेब केला तर उणे ०.१८ ते ०.५८. नुसत्या गांडूळखतावर गेलं तर कदाचित काहीच बिघडणार नाही, कदाचित वाफ्यामागे जवळजवळ ६०० ग्रॅम गमवावे लागतील. युरियाच्या ४.१ किलोतला हा सातवा हिस्सा. या प्रयोगाने ही जोडी निकाली काढलेलीच नाही. शिक्का मात्र दोन्हींवर एकच.

“पण काका, आमच्याकडे सगळे असंच लिहितात,” ती म्हणाली. लिहितात खरे. तक्त्याखाली ‘एस.ई.’ आणि ‘सी.डी.’ छापलेले असतात, मजकुरात मात्र त्यांतलं काही उतरत नाही. आणखी एक मोह हेक्टरी आकड्यांचा. ०.३ किलोला २,५०० ने गुणलं की ‘हेक्टरी ७५० किलो वाढ’ होते आणि ते भारदस्त दिसतं. पण सी.डी.सुद्धा त्याच २,५०० ने गुणली जाते आणि ९५० किलोच्या आसपास जाऊन बसते.

माझ्या आकड्यांवर तिने शेवटी लिहिलेला परिच्छेद असा होता: “गांडूळखत व अर्धा युरिया यांपासून वाफ्यामागे सरासरी ४.४ किलो, तर पूर्ण युरियापासून ४.१ किलो पालक मिळाला. फरक ०.३ किलो (९५ टक्के विश्वासमर्यादा उणे ०.०८ ते ०.६८). गांडूळखत व पूर्ण युरिया यांतील फरकाबाबत या प्रयोगातून निष्कर्ष काढता येत नाही. प्रयोग एका हंगामात, एकाच शेतावर घेतला आहे.” शेवटचं वाक्य तिने स्वतःहून घातलं होतं.

तिचा पुढचा प्रश्न साहजिक होता: गांडूळखत की युरिया, हे निकाली काढायला किती गट लागतील? सी.डी. गटांच्या वर्गमुळाने घटते. ती निम्मी, म्हणजे ०.१९ च्या आसपास करायची तर गट चौपट. सोळा गट, ऐंशी वाफे.

“एवढी जागा आमच्या फार्मवर पण नाही,” ती म्हणाली.

“मग पाचाऐवजी दोनच प्रक्रिया ठेव,” मी म्हटलं. “बत्तीस वाफ्यांत भागेल.” ती वहीत नव्या मांडणीचे पट्टे काढायला लागली. या वेळी उताराचा बाण तिने आधी काढला.