बिलिरुबिन जळत नाही, वळतं

"बाळाक जरा कोवळ्या उन्हात धर गो, कावीळ आपसूक उतरात." सिंधुदुर्गात बाळंतिणीच्या खोलीत हे वाक्य बहुधा तिसऱ्या दिवशी ऐकू येतं, कारण बाळाच्या डोळ्यांतला पिवळेपणा त्याच सुमारास नजरेत भरतो. पावसाळ्यात ऊनच नसतं, म्हणून मग बाळाला ट्यूबलाइटखाली निजवतात आणि आईच्या जेवणातली हळद बंद होते. हळदीचा या काविळीशी काडीचाही संबंध नाही. उजेडाचा मात्र आहे, आणि तो आजीला वाटतो त्याहून जास्त मजेशीर आहे.

आधी हा पिवळा रंग येतो कुठून ते पाहू. तीन किलोचं बाळ घ्या. त्याच्या अंगात साधारण 250 मिलिलिटर रक्त असतं आणि त्यात 42 ग्रॅमच्या आसपास हिमोग्लोबिन. मोठ्या माणसाची तांबडी पेशी 120 दिवस टिकते, नवजात बाळाची सुमारे 80. म्हणजे रोज अर्धा ग्रॅम हिमोग्लोबिन मोडीत निघतं. एका ग्रॅमपासून जवळपास 35 मिलिग्रॅम बिलिरुबिन बनतं, म्हणजे झाले 18 मिलिग्रॅम. पूर्ण तयार होण्याआधीच मोडणाऱ्या पेशी आणि इतर काही प्रथिनांमधून आणखी थोडं येतं. एकूण रोजचे 24 मिलिग्रॅम धरा. वजनाच्या हिशोबात हे मोठ्या माणसाच्या दुपटीच्या आसपास जातं.

हे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तसंच्या तसं ना लघवीतून जातं ना पित्तातून. यकृतातलं यूजीटी1ए1 नावाचं विकर त्याला ग्लुकुरॉनिक आम्ल जोडतं, मग ते विरघळतं आणि पित्तावाटे आतड्यात उतरतं. पोटात असताना ही सगळी उठाठेव वार आणि आईचं यकृत करत होतं, म्हणून जन्माच्या वेळी बाळाच्या यकृतात या विकराचं काम मोठ्या माणसाच्या जेमतेम एक टक्का असतं. ते पुरतं वाढायला तीनेक महिने लागतात. त्यातून आतड्यातलं दुसरं एक विकर जोडलेलं आम्ल पुन्हा सोडवतं, आणि मोकळं झालेलं बिलिरुबिन रक्तात परत शोषलं जातं. शी लवकर आणि वारंवार झाली तर ही परतफेरी कमी होते. म्हणून दिवसातून आठ-बारा वेळा अंगावर पाजा असं सांगतात. साखरपाणी किंवा गुटी दिल्याने बाळ दूध कमी पितं आणि उलटाच परिणाम होतो.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. बिलिरुबिनच्या रेणूत चार कडी ओळीने असतात आणि त्यांना पाणी धरून ठेवणारे गटही असतात. मग तो विरघळत का नाही? कारण रेणू मधोमध दुमडलेला असतो. आढ्यावर घालतात त्या कौलासारखा त्याचा आकार होतो, आणि रसायनशास्त्रज्ञही त्याला तशीच उपमा देतात. दुमडलेल्या स्थितीत एका अर्ध्यातले पाण्याला जवळ करणारे गट दुसऱ्या अर्ध्याला हायड्रोजन बंधांनी घट्ट धरून बसतात. बाहेर पाण्यासाठी हात उरतच नाही. यकृतातलं विकर ही पकड तोडतं.

उजेड तेच काम विकराशिवाय करतो. बिलिरुबिन पिवळं दिसतं, कारण ते निळा प्रकाश गिळतं. सुमारे 460 ते 490 नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्वचेखालच्या रक्तातल्या रेणूवर पडला की टोकाच्या कड्याजवळचा दुहेरी बंध क्षणभर ढिला होतो आणि ते कडं अर्धी गिरकी घेऊन उलटं बसतं. त्या बाजूचे हायड्रोजन बंध आता जुळत नाहीत. घडी विसकटते, गट उघडे पडतात आणि रेणू तसाच पित्तात जाऊ शकतो. ही गिरकी सेकंदाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात होते, पण ती परत फिरूही शकते. दुसरी एक घडण, ल्युमिरुबिन, सावकाश बनते आणि परत फिरत नाही. ती पित्तातून आणि लघवीतूनही जाते. म्हणजे काविळीच्या बाळाला दवाखान्यात ज्या निळ्या दिव्याखाली ठेवतात तो बिलिरुबिन जाळतो, ही समजूत चुकीची. तो त्याला वळवतो. या दिव्यात अतिनील किरण नकोतच, आणि क्ष-किरणांशी तर त्याचा काहीच संबंध नाही.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते एका कल्पित बाळावर पाहू. 38 आठवड्यांचं, तीन किलोचं बाळ, आई आणि बाळ दोघांचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह. 72 तासांनी बिलिरुबिन दर डेसिलिटर रक्ताला 18.6 मिलिग्रॅम आलं. अशा धडधाकट बाळासाठी त्या वयाला उपचाराची रेषा 18 च्या आसपास असते, म्हणून त्याला 'पेटीत' ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, कारण जितकी त्वचा उघडी तितका फायदा. दिव्याची तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला, दर नॅनोमीटरला निदान 30 मायक्रोवॉट असावी लागते. ती मीटरने मोजतात, डोळ्यांना दिवा लख्ख दिसतो म्हणून भागत नाही. दुधासाठी बाळाला बाहेर काढता येतं. चांगल्या दिव्याखाली 24 तासांत पातळी 30 ते 40 टक्के उतरू शकते, म्हणजे 18.6 वरून 11 ते 13. सुरुवातीच्या रेषेखाली दोन-चार अंक गेल्यावर दिवा बंद करून पुन्हा एकदा रक्त तपासतात, कारण थोडी उलटी चढण होऊ शकते. या काळात बाळाच्या रंगावर मात्र विसंबू नये. उजेड पडलेली त्वचा आधी फिकी होते आणि आत बिलिरुबिन जास्त असलं तरी बाळ गोरंपान दिसतं.

तालुक्यातून जिल्ह्याच्या लॅबला नमुना जाताना नळी कागदात गुंडाळलेली आहे ना, हेही पाहायला हवं. 1956 मध्ये इंग्लंडच्या रॉचफर्डच्या रुग्णालयात खिडकीत उन्हात राहिलेल्या नमुन्याचं बिलिरुबिन कमी भरलं होतं. तिथल्याच निरीक्षणांतून क्रेमर आणि सहकाऱ्यांनी 1958 साली प्रकाशोपचार मांडला.

मग आजीचं ऊन? सूर्यप्रकाशात निळा भाग भरपूर असतो, पण कोवळ्या उन्हात कमी. सूर्य क्षितिजाजवळ असताना प्रकाश हवेतून लांबचा प्रवास करतो आणि निळा भाग वाटेतच विखुरतो. शिवाय तो मिळतो दहा मिनिटं, दिवा चालतो जवळजवळ अखंड. माध्यान्हीच्या उन्हात निळा पुष्कळ मिळेल, पण त्याबरोबर अतिनील किरण आणि ताप, आणि किनाऱ्यावरच्या दमट उन्हात नागव्या बाळाचं अंग तापायला वेळ लागत नाही. घरची ट्यूबलाइट तर या मोजमापात येतच नाही.

काविळीवर उपाय म्हणून बाळाला माळ घालणाऱ्यांना यश येतं, कारण डॉक्टर जिला फिजिओलॉजिकल म्हणतात ती कावीळ तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टोक गाठून दोन आठवड्यांत बहुधा तशीही ओसरते. माळ लांबते म्हणजे कावीळ उतरते असं सांगतात. ताज्या देठांच्या गाठी सुकून सैल झाल्या की माळ लांबणारच!

पहिल्या 24 तासांत दिसलेली कावीळ या प्रकारातली नव्हे. बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, किंवा अंग मागे ताणून किंचाळू लागलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास असलेले जुने कपडेही नवजात बाळाला घालू नयेत. जी6पीडी हे विकर कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वासाने भराभर फुटतात. आणि दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा राहिला, शी पांढुरकी आणि लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर अडचण विकराची नसून पित्तनलिकेची असू शकते. तिथे निळा दिवा उपयोगाचा नाही. जपानी शल्यविशारद कासाई यांच्या नावाने ओळखली जाणारी शस्त्रक्रिया लागते, आणि ती बाळ 60 दिवसांचं होण्याआधी झाली तर यशाची शक्यता जास्त.