दोन याचक आणि एक सायनाइड

कडू बदाम फोडून पाण्यात भिजवला की त्यातल्या अ‍ॅमिग्डॅलिन नावाच्या संयुगाचे तुकडे होतात. त्यातून ग्लुकोज मिळते, बदामी वासाचे बेन्झाल्डिहाइड मिळते आणि हायड्रोजन सायनाइड हे विषही मिळते. म्हणून कडू बदामाच्या कच्च्या तेलात बेन्झाल्डिहाइड आणि सायनाइड शेजारी शेजारी असतात. 1832 मध्ये वोलर आणि लीबिग या तेलाचा अभ्यास करत होते. त्यात अल्कली पडल्यावर एक पांढरा स्फटिकी पदार्थ मिळतो, असे त्यांनी नोंदवले. तोच बेन्झॉइन. (धुपासाठी जाळतात त्या लोबानालाही इंग्रजीत हेच नाव आहे, पण तो झाडाचा डिंक, हे वेगळे संयुग.) पुढे रशियातल्या निकोलाय झिनिन यांनी दाखवले की यात खरी कामगिरी सायनाइडची आहे, आणि ते थोडेसेच पुरते.

बेन्झॉइनची रचना पाहिली की कोडे समोर येते. बेन्झाल्डिहाइडचे दोन रेणू त्यात एकमेकांना जोडलेले आहेत, आणि जोड थेट दोघांच्या कार्बोनिल कार्बनांमधला, म्हणजे ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने बांधलेल्या कार्बनांमधला आहे. एका कार्बनवर दुहेरी बंधाचा ऑक्सिजन तसाच राहिला आहे, शेजारच्यावर OH आला आहे. आता कार्बोनिल गटात ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे त्याचा कार्बन कायम इलेक्ट्रॉनांचा भुकेला असतो. तो याचक. कार्बन-कार्बन बंध जुळायला एकाने इलेक्ट्रॉनांची जोडी द्यावी लागते आणि दुसऱ्याने घ्यावी लागते. इथे तर दोन्हीकडे याचकच उभे आहेत. मग जोडी दिली कोणी?

सरळ उपाय असा सुचतो की अल्डिहाइडच्या कार्बनवरचा हायड्रोजन प्रोटॉन म्हणून काढून घ्यावा, म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी कार्बनवर उरेल. अशा कार्बनला अ‍ॅसिल ऋणायन म्हणतात. पण साधा आम्लारी हे करू शकत नाही. उरलेली जोडी रेणूच्या प्रतलात अडकून पडते, कार्बोनिलच्या दुहेरी बंधाशी काटकोनात. ऑक्सिजन इतका जवळ असूनही तिचा भार वाटून घेऊ शकत नाही.

सायनाइड आडवाटेने जाते. आधी ते याचक कार्बनवर स्वतः जाऊन बसते. दुहेरी बंध मोडतो आणि ऑक्सिजनवर ऋण प्रभार येतो. आता त्या एकाच कार्बनवर चार गोष्टी आहेत: बेन्झिनचे कडे, ऑक्सिजन, सायनाइड आणि तो जुना हायड्रोजन. मात्र हायड्रोजनची परिस्थिती पार बदललेली आहे. तो प्रोटॉन म्हणून निघून गेला, तर मागे राहणारी जोडी एका बाजूने सायनाइडच्या नायट्रोजनपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने बेन्झिनच्या कड्यात पसरू शकते. म्हणून प्रोटॉन कार्बन सोडतो आणि ऑक्सिजनला प्रोटॉन मिळतो. या क्षणी याचक दाता झालेला असतो. तो दुसऱ्या, अजून न बदललेल्या बेन्झाल्डिहाइडच्या कार्बनला आपली जोडी देतो आणि बंध जुळतो. शेवटी पहिल्या ऑक्सिजनवरचा प्रोटॉन निघतो, कार्बोनिल पुन्हा उभे राहते आणि सायनाइड जसे आले तसे बाहेर पडून पुढच्या रेणूकडे जाते.

हा क्रम आर्थर लॅपवर्थ यांनी 1903 मध्ये मांडला, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोध लागून अवघी सहा वर्षे झाली होती. मला हे फार विलक्षण वाटते. सायनाइड कार्बोनिलवर कसे बसते हे पाहण्यासाठी त्यांनी पिवळ्या कॅम्फरक्विनोनचा उपयोग केला. त्यावर सायनाइड बसले की पिवळा रंग जातो, त्यामुळे वेग डोळ्यांनी पाहता येतो. थोडा आम्लारी घातला की रंग झपाट्याने उडायचा, आम्ल घातले की क्रिया मंदावायची. यावरून हल्ला करणारा हायड्रोजन सायनाइडचा रेणू नसून सायनाइडचा ऋणायन आहे, हे त्यांनी ओळखले.

सायनाइडच का? कारण त्याला तीन कामे जमतात. ते कार्बनवर चटकन बसते, बसल्यावर शेजारचा ऋण प्रभार पेलते, आणि काम संपल्यावर सोडून जाते. हायड्रॉक्साइडला पहिले आणि तिसरे जमते, मधले नाही. त्यामुळे तीव्र अल्कलीत बेन्झाल्डिहाइड ठेवले तर बेन्झॉइन न होता कॅनिझारो अभिक्रिया होते, म्हणजे निम्म्या रेणूंचे बेन्झिल अल्कोहोल आणि निम्म्यांचे बेन्झोइक आम्लाचे लवण.

प्रयोगशाळेतल्या एका जुन्या प्रमाण कृतीत 500 ग्रॅम बेन्झाल्डिहाइडला 50 ग्रॅम सोडियम सायनाइड घेतात आणि पाणीमिश्रित अल्कोहोलात अर्धा तास उकळतात. थंड झाल्यावर साडेचारशे ग्रॅमच्या वर बेन्झॉइन हाती येते. मोलमध्ये पाहिले तर एका सायनाइडमागे जवळपास पाच बेन्झाल्डिहाइड, म्हणजे प्रत्येक सायनाइड एकाहून अधिक जोड्या जुळवून देते. यात घात करते ते शिळे बेन्झाल्डिहाइड. हवा लागली की त्याचे बेन्झोइक आम्ल होत जाते, आणि आम्ल सायनाइडला भेटले की हायड्रोजन सायनाइड हा प्राणघातक वायू सुटतो. उत्प्रेरक कमी होतो तो वेगळाच. म्हणून बेन्झाल्डिहाइड ताजे ऊर्ध्वपातित केलेलेच हवे. शुद्ध बेन्झॉइन पांढरे असते आणि साधारण 137 अंश सेल्सियसला वितळते. त्यात पिवळी झाक दिसली, तर काही भागाचे ऑक्सिडीकरण होऊन बेन्झिल झाले असल्याचा संशय घ्यावा.

दात्याचे आणि याचकाचे काम प्रत्येक अल्डिहाइडला सारखे जमत नाही. कड्यावर डायमिथिलअमिनो गट असलेले बेन्झाल्डिहाइड एकटे असेल तर त्याचे बेन्झॉइन होत नाही. तो गट कड्यातून इलेक्ट्रॉन पुरवून कार्बोनिलची भूक भागवतो, त्यामुळे ते अल्डिहाइड याचक म्हणून निकामी ठरते. साधे बेन्झाल्डिहाइड सोबत असले की दोघांचे मिश्र बेन्झॉइन मात्र मिळते.

एखाद्या अणूचा स्वाभाविक कल असा उलटवण्याला जर्मन शब्दावरून ‘उमपोलुंग’ म्हणतात, आणि ज्याच्या अंगी ती उलटलेली वृत्ती येते त्या बदललेल्या रेणूला अ‍ॅसिल ऋणायनाचा समतुल्य. खरे अ‍ॅसिल ऋणायन फ्लास्कमध्ये कधीच तयार होत नाही, पण उत्पादनाकडे पाहिले तर ते होते असेच वाटावे. कोरी आणि सीबाख यांनी 1965 मध्ये हीच कल्पना दुसऱ्या मार्गाने वापरली. त्यांनी अल्डिहाइडचा ऑक्सिजन काढून त्याजागी दोन गंधकांचे कडे बसवले, ब्युटिललिथियमने हायड्रोजन काढला, हव्या त्या अल्किल हॅलाइडशी जोड केली आणि शेवटी गंधक काढून कार्बोनिल परत मिळवले. इथे दाता आणि याचक कोण हे आपण ठरवतो, म्हणून मिश्र जोडही निश्चित येते. पण गंधक प्रत्येक रेणूमागे मोजून घालावे आणि काढावे लागते. सायनाइड स्वतःच निघून जाते.

सायनाइडची जागा घेणारा रेणू आपल्या आहारातही आहे. 1943 मध्ये जपानमध्ये उकाई आणि सहकाऱ्यांना थायाझोलियम लवणांनीही बेन्झॉइन होते असे आढळले, आणि थायामिन म्हणजे जीवनसत्त्व बी-1 याच कुळातले. 1958 मध्ये रोनाल्ड ब्रेस्लो यांनी त्याचे कारण सांगितले. थायामिनच्या गंधक आणि नायट्रोजन यांच्यामधल्या कार्बनवरचा प्रोटॉन सहज सुटतो, आणि मग तो कार्बन सायनाइडसारखाच अल्डिहाइडवर बसतो, प्रभार पेलतो आणि सोडून जातो. यीस्टमधले पायरुवेटपासून कार्बन डायऑक्साइड काढणारे विकर याच कार्बनच्या जोरावर चालते. आज विद्यार्थ्यांना बेन्झॉइन करायला दिले जाते ते बहुधा थायामिन हायड्रोक्लोराइड घेऊनच. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड थंडगार ठेवून थेंबाथेंबाने घालावे लागते, कारण अल्कलीत ऊब लागली की थायामिनचे कडेच फुटते आणि उत्प्रेरक उरत नाही. मग चंचुपात्र दिवसभर किंवा अधिक काळ झाकून ठेवायचे. स्फटिक येत नसतील तर काचेच्या कांडीने आतली बाजू हलकेच खरवडायची.