एका नाण्यावरचे दोन राजे : नहपानाचे चांदीचे नाणे कसे वाचतात

नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी गावात 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. 13,000 हून अधिक नाणी होती आणि ती सगळी मुळात एकाच राजाची, क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर मात्र दुसऱ्या राजाने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. तो राजा सातवाहन घराण्यातला गौतमीपुत्र सातकर्णी. या साठ्यातली नाणी पुढे अनेक संग्रहांत गेली. लिलावाच्या यादीत किंवा संग्राहकांच्या गप्पांत आजही त्यांचे फोटो वारंवार दिसतात आणि त्याखाली बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो : हे नाणे कोणाचे?

आधी ठसा न मारलेले, मूळ नाणे पाहू. व्यास जेमतेम दीड सेंटिमीटरच्या आसपास, वजन सव्वादोन ग्रॅमच्या आगेमागे. एका बाजूला उजवीकडे पाहणारे पुरुषाचे मस्तक आहे, केसांवर पट्टी बांधलेली, आणि त्याभोवती गोलाकार ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र शेजारी शेजारी, आणि त्यांच्याभोवती दोन लेख : एक ब्राह्मीत, एक खरोष्ठीत. ब्राह्मी लेख ‘राञो क्षहरातस नहपानस’ असा आहे, म्हणजे ‘क्षहरात राजा नहपानाचे’. खरोष्ठीतही तेच सांगितले आहे, फक्त ती लिपी उजवीकडून डावीकडे वाचायची असते. ग्रीक अक्षरांत लिहिलेला मजकूर ग्रीक भाषेतला नाही. तिथेही तेच प्राकृत शब्द ग्रीक अक्षरांत उतरवले आहेत. ज्याला ग्रीक येते तो म्हणूनच इथे अडखळतो; त्याला ओळखीचा शब्द एकही सापडत नाही.

एवढ्याशा चांदीच्या तुकड्यावर तीन लिप्या का? प्रत्येक लिपी कुठून आली ते पाहिले की राजाची पार्श्वभूमी कळते. ब्राह्मी ही इथल्या प्रजेची. खरोष्ठी वायव्येकडची, गांधाराच्या बाजूची. महाराष्ट्रात ती कुणाच्या रोजच्या वापरात नव्हती. ती नाण्यावर आहे याचा अर्थ क्षहरातांचे मूळ तिकडचे, आणि ते त्यांनी अजून सोडलेले नाही. ग्रीक अक्षरांचा संबंध व्यापाराशी आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात बॅरिगाझा म्हणजे भडोच बंदराची माहिती आहे. अपोलोडोटस आणि मिनँडर या यवन राजांची ग्रीक अक्षरांची जुनी नाणी तिथे अजून चालतात, असे त्यात सांगितले आहे. बाजारात विश्वास बसलेल्या नाण्याचा साचा नव्या राजाने उचलला : राजाचे मस्तक, भोवती ग्रीक लेख, त्याच वजनाच्या जवळ जाणारी चांदी. त्यामुळे नाण्यावरची ग्रीक अक्षरे पाहून ‘हा राजा ग्रीक’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

बाण आणि वज्र हे राजघराण्याचे चिन्ह. नहपानाच्या आधीच्या भूमक या क्षहरात क्षत्रपाच्या तांब्याच्या नाण्यांवरही बाण, वज्र आणि चक्र आहेत. फोटोत लेख पुसट असला आणि बाण-वज्र स्पष्ट असले, तर घराणे ओळखता येते. राजाचे नाव मात्र लेखातूनच मिळते.

चेहऱ्याची गोष्ट निराळी. नाण्यावर ‘नहपान’ असे नाव आणि वर चेहरा असेल, तर तो नहपानाचा चेहरा, असे कुणालाही वाटेल. जोगळटेंभीची नाणी अभ्यासून ज्यांनी ती प्रथम सविस्तर प्रसिद्ध केली, त्या एच. आर. स्कॉट यांच्या लक्षात आले की हे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. काही तरुण, काही म्हातारे. कुणाचे नाक गरुडासारखे, कुणाचे सरळ. गाल भरलेले आणि गाल बसलेले, सगळे प्रकार. नाव मात्र प्रत्येकावर एकच. घराण्यातल्या वेगवेगळ्या माणसांचे चेहरे असतील, इथपर्यंत तर्क झाले. मला अधिक पटते ते साधे कारण : ठसे कोरणारे अनेक होते, टांकसाळीचे काम बरीच वर्षे चालले असावे, आणि कोरणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जिवंत राजापेक्षा आधीचे नाणे किंवा रोमन नाणे असण्याची शक्यता जास्त. कारण कोणतेही धरा, चेहऱ्यावरून वय काढून राज्यकाळ ठरवायचा उद्योग इथे निरुपयोगी आहे. पट्टी, टोपी, केसांची ठेवण यांचा उपयोग होतो, पण तो घराणे किंवा काळाचा टप्पा ओळखण्यापुरता. पुढच्या कार्दमक क्षत्रपांच्या, म्हणजे चष्टनाच्या वंशातल्या राजांच्या, मस्तकावर पट्टीऐवजी चपटी टोपी येते.

आता पुन्हा ठसा मारलेले नाणे. फोटो पहिल्यांदा पाहिला की सगळा गोंधळ दिसतो. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, ज्याला कुणी चैत्य म्हणतात. त्याखाली नागमोडी रेघ. भोवती ब्राह्मी लेख ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’. दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह, म्हणजे अधिकाच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळे. आणि या सगळ्याखालून नहपान डोकावतो : कुठे हनुवटी, कुठे केसांची कड, काठावर अर्धवट ग्रीक अक्षर, मागे वज्राचे टोक.

असे नाणे वाचताना क्रम महत्त्वाचा. वरचा ठसा कोणता ते आधी ठरवायचे. नंतरच्या ठशाच्या रेघा सलग जातात. आधीच्या आकृतीच्या रेघा त्या ठिकाणी तुटतात आणि दबून चपट्या होतात. डोंगराच्या कमानी अखंड आणि नाक मधेच कापलेले, तर डोंगर नंतरचा. मग फोटो फिरवायचा. दुसऱ्यांदा ठोकताना जुन्या चित्राची दिशा कुणी जुळवून घेतली नव्हती, त्यामुळे डोंगर सरळ दिसत असताना मस्तक आडवे किंवा उलटे असू शकते. एका राजाचा मजकूर वाचण्यासाठी फोटो एका कोनात धरावा लागतो, दुसऱ्याचा वाचताना दुसऱ्या. अक्षरांत ओळखायला सोपी दोन : ‘क’ अगदी अधिकाच्या खुणेसारखा, आणि ‘ग’ वर टोक असलेल्या कोनासारखा. हा कोन सापडला की ‘गोतमि’ तिथून सुरू होते. ‘क’ सापडला की ‘सातकणिस’चा शेवट जवळ असतो. काठावर चार अक्षरे मिळाली तरी नाव बसवता येते, कारण लेखाचा साचा ठरलेला आहे.

इतिहासाच्या दृष्टीने हे वरखाली असणे फार बोलके आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिने कोरवलेल्या लेखात त्याला ‘खखरातवस निरवसेस करस’, क्षहरात वंश निःशेष करणारा, म्हटले आहे. आईने मुलाची केलेली स्तुती म्हणून ती कुणी बाजूला ठेवली असती. पण जोगळटेंभीच्या साठ्यात नहपानाच्या चांदीवर सरळ गौतमीपुत्र येतो. मधला कोणताही राजा तिथे नाही. स्तुतीतला दावा आणि चांदीवरचा ठसा इथे एकमेकांना दुजोरा देतात. जिंकलेल्या मुलखातली चांदी वितळवायची तसदी न घेता, शत्रूचे तोंड दाबून तीच पुन्हा बाजारात सोडली गेली.

मात्र या डोंगराच्या चिन्हावर एकट्याने भरवसा ठेवू नये. नहपानाच्या घराण्याच्या अस्तानंतर आलेल्या चष्टनाच्या वंशाने, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिस्पर्ध्यांनीच, तीन कमानींचा डोंगर, चंद्रकोर आणि तारे आपल्या नाण्यांवर घेतले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालवले. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. सातवाहन राजांनी क्षत्रपांच्या धर्तीवर मस्तक असलेली चांदीची नाणी पाडली. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तेव्हा तिथे यज्ञ सातकर्णीचे असेच चांदीचे नाणे मिळाले. डोंगर पाहिला की सातवाहन आणि मस्तक पाहिले की क्षत्रप, हा ठोकताळा म्हणून फसतो.

लेख वाचण्यातही सापळे आहेत. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे अक्षरांच्या वरच्या वेलांट्या आणि अनुस्वार काठाबाहेर जात. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी चष्टनाच्या वंशाची नाणी वाचली तेव्हा ‘सिंह’ हा नावातला भाग त्यांना ‘साह’ दिसला आणि सौराष्ट्रात ‘साह राजे’ नावाचे घराणे होते असे काही काळ पुस्तकांत छापले जात राहिले. चांगली, मोठ्या चकतीवरची नाणी हाती आल्यावर रुद्रसिंह, विश्वसिंह ही खरी नावे समोर आली. आजही फोटोत स्वरचिन्ह दिसत नसेल तर ते नाहीच असे न धरता काठ कुठे कापला गेला आहे ते आधी बघावे.

फोटो स्वतःही फसवतो. प्रकाश कोणत्या बाजूने आला ते चुकीचे धरले तर उठावाची अक्षरे खोलगट दिसू लागतात. फोटो अर्ध्या फेऱ्याने फिरवला की डोळा सावरतो. मोबाइलवर प्रतिमा आरशासारखी उलटलेली असेल तर मस्तक डावीकडे पाहते आणि ब्राह्मी अक्षरे वळणासकट उलटी होतात. नहपानाचे मस्तक उजवीकडेच पाहते, ही तपासणी पुरते. वजन, व्यास आणि कड यांतले काहीच समोरून काढलेल्या फोटोत कळत नाही. ओतीव नकलेची शिवण कडेवरच असते, आणि दोन वेगळ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या नाण्यांवर ओरखडे आणि चिरा हुबेहूब त्याच जागी दिसल्या तर दोन्ही एकाच साच्यातून ओतलेली, हे समजावे.

राहिला काळ. चष्टनाच्या वंशात हे काम सोपे आहे : पुढच्या नाण्यांवर राजाबरोबर बापाचे नाव येते, क्षत्रप की महाक्षत्रप ते येते, आणि मस्तकाच्या मागे शक वर्ष ब्राह्मी अंकांत असते. त्या अंकांत शतक, दशक आणि एकक यांना वेगळी चिन्हे आहेत, त्यामुळे 110 हा आकडा दोन चिन्हांत येतो. त्यात 78 मिळवले की इ.स. 188. नहपानाच्या नाण्यावर वर्ष नाही. त्याच्या काळातल्या लेण्यांच्या लेखांत 41 ते 46 अशी वर्षे आहेत. ती शक वर्षे मानणारे अभ्यासक त्याला इ.स. 119 ते 124 च्या सुमारास बसवतात. ‘पेरिप्लस’मधला मॅनबॅनस नावाचा राजा हाच नहपान असे मानणारे ती त्याच्या स्वतःच्या राज्याची वर्षे धरतात आणि त्याला पहिल्या शतकात नेतात. लिलावाच्या पानावर नहपानाच्या नाण्याखाली नेमके साल छापलेले दिसले, तर ते विकणाऱ्याने या दोनपैकी एका बाजूचे उचललेले असते. नाण्यावर ते कुठेही लिहिलेले नाही.