‘इम्पर्मनंट लॉस’ हे नाव आले कुठून: पार्श्वभूमी

लिक्विडिटी पूल म्हणजे क्रिप्टो टोकनांचा सामायिक साठा; त्यातून लोक टोकनांची अदलाबदल करतात आणि त्याचे शुल्क टोकने ठेवणाऱ्यांना मिळते. त्यात टोकन ठेवणाऱ्या नवख्या माणसाला ‘इम्पर्मनंट लॉस’ म्हणजे तात्पुरता, आपोआप भरून निघणारा तोटा असे वाटते. हा समज मोडायला एक हिशेब पुरेसा आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर सुरू झालेल्या एका विनिमय-व्यवस्थेमुळे `x * y = k` हा नियम रूढ झाला. व्यवहाराचे शुल्क बाजूला ठेवले, तर पूलमधील दोन टोकनांच्या संख्यांचा गुणाकार कायम राहतो. समजा, १०० डॉलर भावाची १० टोकने आणि १००० डॉलरची स्टेबलकॉइन, म्हणजे एक डॉलरला बांधलेली टोकने, तुम्ही ठेवलीत. गुणाकार झाला १०,०००. पुढे बाहेरच्या बाजारात टोकनाचा भाव ४०० डॉलर झाला, की आर्बिट्राज करणारे, म्हणजे दोन ठिकाणच्या भावांतील फरकावर नफा कमावणारे, पूलमधले स्वस्त टोकन उचलत राहतात आणि पूलमधला भावही ४०० होईपर्यंत थांबत नाहीत. तेव्हा पूलमध्ये ५ टोकने आणि २००० स्टेबलकॉइन उरतात, म्हणजे एकूण ४००० डॉलर. तीच टोकने आणि स्टेबलकॉइन हातात ठेवली असती, तर ५००० झाले असते. भाव चढत असताना पूलने तुमच्या वतीने टोकने विकली, आणि हा २० टक्क्यांचा फरक हाच तो तोटा. भाव २५ डॉलरवर घसरला, तरी फरक २० टक्केच पडतो. मूळ रक्कम वाढूनही हा तोटा होऊ शकतो, ही गोष्ट बहुतेकांच्या उशिरा ध्यानात येते.

खरा वाद नावाचा आहे. भाव पुन्हा १०० वर आला, तर फरक शून्य होतो, एवढ्या आधारावर त्याला ‘अस्थायी’ म्हटले गेले. पण भाव परत येईलच याची हमी कोणी दिलेली नसते, आणि त्याआधी टोकने काढून घेतली, की तोटा पक्का होतो. म्हणून काही अभ्यासक ‘डायव्हर्जन्स लॉस’ म्हणजे भावातील तफावतीचा तोटा असे म्हणणे पसंत करतात. माझ्या मते तेच नाव अधिक प्रामाणिक आहे. पहिले मात्र ऐकायला गोड असल्याने टिकले.

या गोडव्यावर एक योजनाही उभी राहिली. ऑक्टोबर २०२० मध्ये एका प्रकल्पाने तोट्याला संरक्षण देऊ केले: ते रोज १ टक्क्याने वाढून १०० दिवसांत पूर्ण होई. भरपाईसाठी प्रकल्पाचे स्वतःचे टोकनही वापरले जाई, म्हणजे धोका नाहीसा न होता त्या टोकनाच्या धारकांकडे सरकत होता. जून २०२२ मध्ये बाजार कोसळल्यावर हे संरक्षण स्थगित झाले.

दरम्यान, मे २०२१ पासून आपली टोकने ठरावीक भावपट्ट्यातल्या व्यवहारांपुरती एकवटण्याची सोय आली. तिथे शुल्क जास्त मिळू शकते, पण हा तोटाही तितकाच तीव्र होतो. भाव पट्ट्याबाहेर गेला, की हाती एकच, आणि तेही दुसऱ्याच्या तुलनेत स्वस्त झालेले, टोकन उरते व शुल्क थांबते. वरच्या उदाहरणात १००० डॉलरहून अधिक शुल्क जमा झाले असते, तरच पूल हातात ठेवण्यापेक्षा फायद्याचा ठरला असता.