वाकडा रेझिस्टर आणि सरळ रेषा

बारा व्होल्टचा एक पुरवठा घ्या. त्याला एक किलोओहमचा साधा रेझिस्टर जोडा आणि त्या रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकापासून ग्राउंडपर्यंत एक जरा विचित्र घटक लावा. ह्या घटकातला प्रवाह व्होल्टेजच्या वर्गाने वाढतो: १ व्होल्टला १ मिलिअँपिअर, २ व्होल्टला ४, ३ व्होल्टला ९. प्रश्न एवढाच, की दोघांच्या जोडावर किती व्होल्ट मिळतील?

घटक अगदीच मनातला नाही. मॉसफेटचे गेट आणि ड्रेन एकमेकांना जोडले, की उंबरठ्याच्या वर जेवढे व्होल्टेज उरते त्याच्या वर्गाने प्रवाह वाढतो, असे पाठ्यपुस्तकातले ढोबळ सूत्र सांगते. आपण तो उंबरठा शून्य धरू, म्हणजे आकडे हाताने करता येतील.

दोन्ही रेझिस्टर साधे असते तर ओहमचा नियम लावून अर्ध्या मिनिटात उत्तर निघाले असते. इथे अडचण अशी, की घटकाचे ओहम त्यावरच्या व्होल्टेजवर ठरतात. १ व्होल्टला तो हजार ओहमचा दिसतो, ३ व्होल्टला तीनशे तेहतीसचा. व्होल्टेज काढायला ओहम हवेत आणि ओहम काढायला व्होल्टेज.

जोडावरचे व्होल्टेज v मानू. साध्या रेझिस्टरमधून येणारा प्रवाह (मिलिअँपिअरमध्ये) 12 − v, आणि घटकातून जाणारा v². किर्चॉफच्या नियमाने दोन्ही सारखे:

```
12 - v = v*v
```

हे तर शाळेतले वर्गसमीकरण झाले. उत्तरे ३ आणि −४. मग अंदाज करून तो सुधारत नेण्याच्या न्यूटनच्या पद्धतीला कशाला त्रास द्यायचा? कारण असे दोन घटक वेगवेगळ्या जोडांवर आले की समीकरण चौथ्या घातापर्यंत जाते, आणि दहा-वीस आले की सूत्र नावाची गोष्टच उरत नाही. इथे उत्तर आधीच माहीत आहे ते आपल्या सोयीचे: पद्धत कुठे सरळ चालते आणि कुठे फसते, ते प्रत्येक पायरीला ताडून पाहता येईल.

न्यूटनची युक्ती अशी. उत्तर माहीत नाही ना, मग एक अंदाज करा, समजा १ व्होल्ट. त्या बिंदूवर घटकाच्या वक्राला स्पर्शिका काढा आणि तेवढ्यापुरते समजा, की घटक म्हणजे ती सरळ रेषाच आहे. v² चा चढ 2v, म्हणजे १ व्होल्टपाशी दर व्होल्टला २ मिलिअँपिअर. सर्किटच्या भाषेत हा ५०० ओहमचा साधा रेझिस्टर. पण ५०० ओहममधून १ व्होल्टला २ मिलिअँपिअर जातील आणि आपल्या घटकातून जातो १. जास्तीचा १ मिलिअँपिअर वजा करायला त्या रेझिस्टरच्या शेजारी समांतर, उलट्या दिशेचा १ मिलिअँपिअरचा प्रवाहस्रोत लावायचा. झाले. वाकडा घटक गेला, त्याच्या जागी एक रेझिस्टर आणि एक स्रोत आले. आता सगळे सर्किट सरळ आहे:

```
12 - v = 2*v - 1
```

म्हणजे v = १३/३ = ४.३३ व्होल्ट. हे उत्तर चूक आहे, पण त्याला चूक न म्हणता नवा अंदाज म्हणायचे. ४.३३ पाशी पुन्हा स्पर्शिका काढली, की चढ ८.६७ येतो, म्हणजे सुमारे ११५ ओहमचा रेझिस्टर, आणि सोबतचा स्रोत १८.७८ मिलिअँपिअरचा. पुन्हा सोडवा: ३.१८४. पुन्हा: ३.००४६. पुन्हा: ३.०००००३. चार फेऱ्यांत मिलिव्होल्टच्या खाली पोचलो. संगणकाकडून करून घ्यायचे तर एवढेच लिहावे लागते:

```
v = 1.0
for n in range(5):
    v = (12 + v*v) / (1 + 2*v)
    print(n + 1, v)
```

इथे नवखे हमखास अडखळतात ते चढाच्या जागी भागाकार वापरून. १ व्होल्टला १ मिलिअँपिअर, म्हणजे घटक हजार ओहमचा, असे म्हणून तो रेझिस्टर लावून पुढे जायचे. ऐकायला हेही रास्त वाटते. करून पाहा: १ वरून ६, मग १.७१, मग ४.४२, २.२१, ३.७३, २.५४… लंबकासारखे तीनच्या अलीकडे-पलीकडे हेलकावे, आणि तीनजवळ गेल्यावर दर फेरीला चूक फक्त पाव हिश्शाने कमी होते. दहाव्या फेरीलाही हातात २.८५ च. गाडी मुक्कामाला पोचते, पण प्रत्येक थांब्यावर थांबत. छापलेले आकडे असे एकदा वर, एकदा खाली झुलताना दिसले, की कुणीतरी v/i लिहिले आहे हे समजावे.

न्यूटनचा वेग येतो कुठून, ते ह्या सर्किटमध्ये लख्ख दिसते. नव्या अंदाजातून ३ वजा करून आकडेमोड केली, तर उरते ते असे:

```
navi_chuk = juni_chuk**2 / (1 + 2*v)
```

म्हणजे चुकीचा वर्ग होतो. ०.००४६ ची चूक वर्ग होऊन, सातने भागून, ०.०००००३ होते. बरोबर अंकांची संख्या दर फेरीला साधारण दुप्पट. आणखी एक गोष्ट ह्याच ओळीतून कळते. वर्ग कधी ऋण होत नाही, त्यामुळे छेद धन असेल तर पहिल्या फेरीनंतरचा प्रत्येक अंदाज तीनच्या वरच राहतो आणि वरूनच खाली उतरतो. शून्यापासून सुरुवात केली तरी चालते. शून्यापाशी चढ शून्य, म्हणजे घटक जणू तुटलेली तार. सर्किट सोडवले की सगळे १२ व्होल्ट जोडावर. तिथून ६.२४, ३.७८, ३.०७, ३.०००७. डायोड इतका शहाणा नसतो. त्याचा प्रवाह घातांकी वाढतो, त्यामुळे अंदाज फार वर गेला तर न्यूटन दर फेरीला जेमतेम २६ मिलिव्होल्ट खाली उतरतो. म्हणून सर्किट सोडवणाऱ्या स्पाइससारख्या प्रोग्रॅममध्ये डायोडच्या उडीला मुद्दाम लगाम घातलेला असतो. वर्गाच्या घटकाला त्याची गरज भासत नाही.

पण छेद धन असेल तर, हे मी वर सहज लिहून गेलो. छेद आहे 1 + 2v. अंदाज −०.५ च्या खाली गेला की तो ऋण होतो, आणि मग हेच यंत्र तितक्याच तत्परतेने दुसऱ्या उत्तराकडे धावते. −१ पासून सुरू करा: −१३, −७.२४, −४.७८, −४.०७, आणि मग −४ वर मुक्काम. प्रोग्रॅम सांगतो, उत्तर मिळाले. किर्चॉफचीही तक्रार नाही: साध्या रेझिस्टरवर १६ व्होल्ट, त्यातून १६ मिलिअँपिअर, आणि −४ चा वर्गही १६. विद्यार्थिदशेत मी असाच एक ऋण आकडा वहीत उतरवून वर लाल चौकट केली होती.

खोट कळते ती शक्ती मोजल्यावर. घटकावर −४ व्होल्ट आणि त्यातून ग्राउंडकडे १६ मिलिअँपिअर, गुणाकार −६४ मिलिवॉट. म्हणजे हा रेझिस्टर शक्ती खात नाही, सर्किटला पुरवतो. बॅटरी नसलेल्या वस्तूने असे करणे शक्य नाही. न्यूटनने काही चूक केली नाही. चूक घटकाच्या वर्णनात आहे. v² ला चिन्ह कळत नाही, त्यामुळे व्होल्टेज उलटले तरी प्रवाह त्याच दिशेने वाहतो. दोन्ही बाजूंनी सारखा वागणारा घटक हवा असेल तर वर्गाऐवजी v गुणिले |v| लिहावे, आणि चढ 2|v|. मग −१ वरून थेट ३.६७, ३.०५, ३.०००४. दुसरे उत्तरच उरत नाही, म्हणून वाट चुकायचीही सोय नाही. मॉसफेटसाठी मात्र हा इलाज नव्हे. तिथे उंबरठ्याच्या खाली प्रवाह शून्य लिहावा लागतो.

एक अडचण ह्या दुरुस्तीनंतरही उरते. पुरवठा आणि साधा रेझिस्टर दोन्ही काढून टाका आणि घटकाला ९ मिलिअँपिअरचा प्रवाहस्रोत जोडा. समीकरण v² = 9. फेरीचे सूत्र होते:

```
v = (v + 9/v) / 2
```

ही ओळख पटायला हवी. वर्गमूळ काढायची ही जुनी रीत, आकडा आणि भागाकार यांची सरासरी. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात ७२० चे वर्गमूळ असेच काढले होते: २७ धरा, ७२० ला २७ ने भागा, दोन्हींची सरासरी घ्या. आपले सर्किट तेच करते आहे, फक्त व्होल्टमध्ये.

हेरॉनने २७ पासून सुरुवात केली. स्पाइस सहसा शून्यापासून करतो. शून्यापाशी चढ शून्य, आणि आता शेजारी साधा रेझिस्टरही नाही. ९ मिलिअँपिअरला जायला वाटच नाही, शून्याने भागाकार, आणि पडद्यावर येते singular matrix. ह्यावरचा नेहमीचा तोडगा म्हणजे जोडापासून ग्राउंडपर्यंत एक अतिशय बारीक गळती मान्य करणे. स्पाइसमध्ये GMIN नावाची अशी एक मर्यादा असते आणि तिचा मूळ आकडा 1e-12 सीमेन्स, म्हणजे दहा लाख मेगओहम. आपल्या घटकाला समांतर तेवढी गळती जोडली की भागाकार होतो, पण पहिल्याच फेरीत सगळे ९ मिलिअँपिअर त्या गळतीतून जाऊ पाहतात आणि अंदाज येतो नऊ अब्ज व्होल्ट.

घाबरायचे कारण नाही. इतक्या वर 9/v नगण्य असते, त्यामुळे दर फेरीला व्होल्टेज निम्मे होत जाते: साडेचार अब्ज, सव्वादोन अब्ज, आणि पुढे तसेच. बत्तिसाव्या फेरीला ४.८८, मग ३.३६, ३.०२, ३.००००६. छत्तिसाव्या फेरीत आकडा हलायचा थांबतो. स्पाइस अशा गणिताला ITL1 ह्या नावाखाली मुळात शंभर फेऱ्या देतो. त्यातल्या तीसेक फेऱ्या निव्वळ नऊ अब्ज व्होल्टवरून खाली उतरण्यात गेलेल्या असतात. सुरुवातीचा अंदाज शून्याऐवजी १ व्होल्ट दिला असता, तर हेच काम पाच-सहा फेऱ्यांत आटोपले असते.