शरीराचं वजन उतरवताना सेट कुठे थांबवायचा?

सेट संपवून तुम्ही बार रॅकवर ठेवता, त्या क्षणी नीट फॉर्ममध्ये आणखी किती रेप्स निघाल्या असत्या? या आकड्याला ‘रेप्स इन रिझर्व्ह’ म्हणतात, थोडक्यात आरआयआर. आठ मारल्या आणि अजून दोन निघाल्या असत्या, तर आरआयआर २. पुढची निघणारच नाही असं असेल, तर शून्य.

सेटच्या सुरुवातीला शरीर स्नायूंमधल्या सगळ्या तंतूंना कामाला लावत नाही. थकवा चढत जातो तसे मोठे, ताकदवान तंतू सामील होतात. म्हणून स्नायूंना वाढण्याचा संदेश मिळतो तो मुख्यतः शेवटच्या, जड जाणाऱ्या रेप्समधून. पण तीनेक शिल्लक असतानाच हे तंतू बऱ्यापैकी कामाला लागलेले असतात. तिथून शून्यापर्यंत जाण्यात मिळणारा जादा फायदा थोडा असतो आणि थकवा मात्र झपाट्याने वाढतो, विशेषतः स्क्वॉट आणि डेडलिफ्टमध्ये.

पोटभर खात असताना हा थकवा भरून निघतो. कॅलरी कमी केल्या की गणित बदलतं. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे कर्बोदकांपासून साठवलेल्या इंधनाचा, साठा कमी राहतो, त्यामुळे पहिला सेट ठीक जातो आणि तिसरा कोसळतो. झीज भरून काढायलाही ऊर्जा कमी पडते. रोज सुमारे ५०० किलोकॅलरींची तूट असेल तर स्नायू वाढणं साधारण थांबतं, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसतं. ताकद मात्र तरीही वाढू शकते. म्हणजे या काळात खरं काम आहे ते असलेला स्नायू टिकवण्याचं, आणि त्यासाठी बारवरचं वजन शक्य तितकं जड ठेवावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. डाएटच्या आधी कुणी ८० किलोने स्क्वॉटचे आठ-आठचे तीन सेट मारत होतं, पहिल्याला आरआयआर २. डाएटच्या चौथ्या आठवड्यात वहीत तोच आकडा लिहिलेला आहे, म्हणून तेच मारलं. पहिल्या सेटला एकच शिल्लक राहिली. दुसऱ्याला आठवी कशीबशी निघाली, कंबर आधी वर आली आणि पाठ वाकली. तिसरा सहावर अडकला. कागदावर कार्यक्रम बदललेलाच नाही, पण प्रत्यक्षात व्यायाम कितीतरी कठीण झाला, तोही शरीराची भरपाई कमी असताना. माझ्या मते डाएटमधली सर्वांत नेहमीची चूक हीच आहे.

इथे आकडा सोडावा आणि आरआयआर २ धरून ठेवावा. पहिला सेट ८० किलोने सातवर थांबेल, दुसरा सहावर. तिसऱ्याला वजन साधारण दहा टक्क्यांनी उतरवून ७२.५ किलोने आठ माराव्यात. तेवढ्याही जड जात असतील तर तिसरा सेट सोडून द्यावा. सेट कमी करणं हे वजन निम्म्यावर आणून हलक्या वजनाने खूप रेप्स मारण्यापेक्षा चांगलं. लेग एक्स्टेंशन किंवा बायसेप कर्लची गोष्ट वेगळी. तिथे एकूण थकवा कमी होतो आणि अडकलात तरी धोका नसतो, म्हणून शेवटचा सेट शून्य-एकपर्यंत न्यायला हरकत नाही.

आता अडचण अशी, की आरआयआर हा अंदाज आहे आणि तो चुकतो. बहुतेक लोक शिल्लक रेप्स कमी मोजतात; दोन उरल्यात असं वाटतं तेव्हा प्रत्यक्षात तीन-चार उरलेल्या असतात. सेट लांब असेल, म्हणजे पंधरा-वीसचा, तर चूक आणखी वाढते, कारण जळजळ आणि धाप यांनाच आपण ताकद संपणं समजतो. भुकेच्या दिवसांत हा गोंधळ दुप्पट होतो. उत्साह नाही, डोकं जड आहे, म्हणून प्रत्येक सेट कठीण वाटतो आणि माणूस चार-पाच शिल्लक ठेवून थांबतो.

म्हणून मनाला विचारण्यापेक्षा बारच्या वेगाकडे पाहा. पूर्ण जोर लावूनही बार आपोआप मंदावू लागला, की शेवट जवळ आला. सगळ्या रेप्स सारख्याच वेगाने गेल्या असतील, तर कितीही दमल्यासारखं वाटलं तरी बरंच काही शिल्लक होतं. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी एखाद्या मशीनवर शेवटच्या सेटला आधी अंदाज सांगून मग खरोखर अडकेपर्यंत जा. अंदाज आठचा होता आणि अकरा निघाल्या, तर तुमचा ‘दोन’ म्हणजे पाच आहे.

एखाद्या दिवशी एक-दोन रेप्स कमी निघणं साहजिक आहे. पण त्याच आरआयआरला सलग दोन आठवडे बहुतेक व्यायामांमध्ये आकडे घसरत असतील, तर आणखी जोर लावून ते परत येणार नाहीत. आधी झोप तपासा. ती ठीक असेल तर तूट मोठी झाली आहे: रोजच्या खाण्यात २०० किलोकॅलरी वाढवा, शक्यतो कर्बोदकांच्या रूपात आणि व्यायामाच्या आसपास, आणि पुढच्या आठवड्यात तेच वजन त्याच आरआयआरला पुन्हा मोजा.